चाळीस मिनिटांचा फोन, एकही प्रश्न नाही : इंदूरमधलं एक प्रकरण

बाई पंचेचाळिशीच्या. इंदूरमध्ये एका सहकारी बँकेत नोकरी, घर सुदामा नगरात. घरी नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा, आई दोन गल्ल्या सोडून. माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा बसता बसताच म्हणाल्या, "गोष्ट अगदी छोटी आहे, तुमचा वेळ वाया जाईल." ती गोष्ट म्हणजे मावसबहिणीचा फोन. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं कुठेच दिलेली नाहीत. मावसबहिणीला त्या 'ताई' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ताई साठीच्या आसपासची, रामबागेत राहणारी. दर चार-पाच दिवसांनी रात्रीची जेवणं आटोपली की तिचा फोन येतो आणि पस्तीस-चाळीस मिनिटं चालतो. पुण्यातली मुलगी, हाताखाली न येणारी सून, गुडघे, इमारतीतलं पार्किंगचं भांडण, असे विषय ठरलेले. बाई ऐकतात, मधूनमधून "मग?" म्हणतात, फोन ठेवतात आणि ओटा आवरायला जातात. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यांना त्याचं फार काही वाटतही नव्हतं.

मग एके दिवशी नवऱ्याच्या छातीत दुखलं. तपासणीत एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. चौथ्या दिवशी बाई रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्या असताना ताईचा फोन आला. "अगं, कळलं मला. सांभाळ हो. आमच्या यांचं बायपास झालं ना, तेव्हा तर…" आणि पुढची वीस मिनिटं ताईच्या यजमानांच्या जुन्या बायपासची हकीकत. शेवटी "चल, ठेवते, तू दमली असशील." त्यानंतर फोन पूर्वीसारखेच येत राहिले. नवऱ्याची तब्येत कशी आहे, हा प्रश्न त्यात पुन्हा आला नाही.

बाईंचा माझ्याकडचा प्रश्न सरळ होता : "तिचा फोन उचलणं बंद करू का?"

मी त्यांना म्हटलं, हा शेवटचा प्रश्न आहे, त्याआधीचे दोन राहिलेत. संभाषण खरंच एकतर्फी आहे का, हे आधी बघायचं. असेल तर ते कशामुळे, हे त्यानंतर. बहुतेक माणसं पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात, कारण दुखावलेल्या मनाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. पाठ असलेलं उत्तर बरोबरही असू शकतं. पण तपासल्याशिवाय पुढचं पाऊल नेमकं कुठे टाकायचं ते कळत नाही.

मोजायचं काय

फोन रेकॉर्ड करायचा नाही, असं मी आधीच सांगितलं. समोरच्याला न सांगता त्याचं बोलणं साठवणं मला पटत नाही, आणि त्याची गरजही नसते. फोन ठेवल्याबरोबर, ओटा आवरण्याआधी, आठवेल तसं वहीत उतरवायचं. तीन गोष्टी पुरतात. ताईने मला काय विचारलं? मी माझ्याबद्दल काय सांगितलं आणि त्यावर तिचं पुढचं वाक्य काय होतं? आणि मी तिला काय काय विचारलं?

तिसरा प्रश्न ऐकून बाई जरा चमकल्या. पण तोच सगळ्यात कामाचा ठरला.

काही फोनांनंतर त्या वही घेऊन आल्या. ताईने अजिबात प्रश्न विचारले नव्हते, असं नव्हतं. "जेवण झालं का?" दर वेळी होतं. "तुमच्याकडे नर्मदेचं पाणी वेळेवर येतं का गं?" एकदा होतं. "तू ते अन्नपूर्णेजवळचं नवीन दुकान बघितलंस का?" असंही एकदा. यातला पहिला प्रश्न रीतीचा. त्याचं उत्तर "हो" एवढंच अपेक्षित असतं आणि त्याने कुणाबद्दल काही कळत नाही. उरलेले दोन दिसायला प्रश्न होते, पण बाईंचं उत्तर संपण्याआधीच ताईच्या इमारतीतलं पाणी आणि ताईने त्या दुकानातून आणलेली चादर सुरू झाली होती. स्वतःला जे सांगायचं आहे त्याचं दार उघडण्यासाठी विचारलेले प्रश्न होते ते. एकतर्फी संभाषण ओळखताना माणसं इथेच फसतात. समोरचा विचारतो की नाही एवढंच बघतात, आणि दोन-चार प्रश्न सापडले की स्वतःच्याच मनावर शंका घेतात. बघायचं असतं ते उत्तरानंतर काय होतं ते. तुमच्या उत्तरातलाच एखादा धागा धरून पुढचा प्रश्न येतो का? वहीत तसा प्रश्न एकही नव्हता.

दुसऱ्या रकान्यातलं एक उदाहरण जसंच्या तसं देतो. बाई म्हणाल्या होत्या, "आज यांचा रिपोर्ट आला." ताईचं पुढचं वाक्य : "आमच्या यांचे रिपोर्ट तर मी फाइल करून ठेवलेत, डॉक्टर म्हणाले अशी पेशंटची बायको बघितली नाही."

चार्ल्स डर्बर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1979 साली रोजच्या गप्पांचा अभ्यास मांडताना प्रतिसादाचे दोन प्रकार वेगळे केले. एक प्रतिसाद बोलणाऱ्याचा विषय त्याच्याकडेच ठेवतो : "काय निघालं रिपोर्टमध्ये?" दुसरा विषय आपल्याकडे वळवतो : "आमच्या यांचे रिपोर्ट तर…" डर्बरचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. विषय पळवण्यासाठी तो ओढून न्यावाच लागतो असं नाही. नुसतं "हो का", "अच्छा" असं थंडपणे म्हणत राहिलं, पुढे काही विचारलंच नाही, तरी समोरच्याचा विषय आपोआप विझतो. वहीत दोन्ही प्रकार होते, पण वळवण्याचा जास्त.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्यासारखीच गोष्ट समोरच्याने सांगणं हा मुळात गुन्हा नाही. "आमच्याकडेही असंच झालं होतं" या वाक्यात धीर असतो, सोबत असते, आणि आपल्या घरांमधल्या निम्म्या गप्पा अशाच एकावर एक गोष्टी रचून होतात. तेव्हा एक वळवलेलं वाक्य पकडून निकाल द्यायचा नाही. आपली गोष्ट सांगून झाल्यावर माणूस परत येतो का, ते बघायचं. "आमच्या यांना तेव्हा पायऱ्यांची फार भीती बसली होती. तुमच्याकडे कसं आहे?" असं झालं तर ते वळण पुन्हा मूळ रस्त्याला लागलं. ताई परत येत नव्हती. वहीतल्या एकाही फोनमध्ये नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. संभाषण एकतर्फी होतं, आणि ते बाईंच्या हळवेपणामुळे तसं भासत होतं असं नव्हतं.

आता तिसरा रकाना. तो भरगच्च होता. "मग ती काय म्हणाली?" "अगं, पण पार्किंग तर तुमच्या नावावर आहे ना?" "गुडघ्याला ते तेल लावतेस का अजून?" बाई उत्तम श्रोत्या आहेत. बँकेत खिडकीवर बसून लोकांचं ऐकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ताईचा प्रत्येक विषय त्यांच्या प्रश्नांवर पाच-पाच मिनिटं पुढे सरकत होता. दोष त्यांचा होता असं मी म्हणत नाही. चांगलं ऐकणं हा दोष कसा असेल? पण फोन चाळीस मिनिटं चालण्यात त्यांच्या हातातलंही काहीतरी होतं, आणि जे आपल्या हातात असतं तेच आपल्याला बदलता येतं.

कारण शोधताना

न विचारण्याची कारणं अनेक असतात आणि बाहेरून ती सगळी एकसारखीच दिसतात. म्हणून एकेक तपासायचं.

सगळ्यात आधी कान. वय वाढताना ऐकू कमी येऊ लागलं की पुष्कळ माणसं जास्त बोलू लागतात, कारण आपण बोलत असलो की समजून घेण्याची धडपड करावी लागत नाही. फोनवर तर ओठही दिसत नाहीत. साठीच्या माणसाबद्दल ही शक्यता न तपासता स्वभावाला दोष देणं अन्यायाचं आहे. खुणा सोप्या आहेत : टीव्हीचा आवाज मोठा, विचारलं त्यापेक्षा भलतंच उत्तर, गर्दीत गप्प आणि दोघांतच बोलकं. दोघी बहिणी इंदूरमधल्या 'सानंद' या संस्थेच्या मराठी नाटकांना एकत्र जातात. बाईंनी पुढच्या नाटकाच्या वेळी लक्ष ठेवलं. ताईला मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा ऐकू येत होती आणि परतताना गाडीत ती त्यावर चिडून बोलत होती. कान शाबूत होते.

दुसरी शक्यता सध्याच्या संकटाची. नुकतंच कुणी गेलेलं असेल, घरात मोठं आजारपण असेल, माणूस खिन्नतेत बुडालेला असेल, तर महिनोन्‌महिने त्याच्याकडून प्रश्न येत नाही, आणि त्याचा हिशोब मांडायचाही नसतो. ताईच्या बाबतीत तसं काही नव्हतं, सवय वर्षांची होती.

तिसरी शक्यता बोलण्याच्या घडणीची, आणि इथे आम्ही बराच वेळ थांबलो. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी मित्रमंडळींच्या एका जेवणावेळच्या गप्पा तपशिलात अभ्यासून 1984 साली दाखवलं की काही माणसांच्या रीतीत प्रश्नाची वाट बघायचीच नसते. मी माझं सांगितलं, म्हणजे तू तुझं सांग, असं त्यात गृहीतच असतं. आपलं सांगणं हेच समोरच्याला दिलेलं आमंत्रण. याउलट ज्यांना विचारल्यावरच बोलायची सवय आहे त्यांना हे आमंत्रण ऐकूच येत नाही. ती वाट बघत बसतात. पहिल्याला वाटतं हिला काही सांगायचंच नाही, दुसरीला वाटतं हिला काही ऐकायचंच नाही.

मी बाईंना विचारलं, तुमच्या माहेरी कसं होतं? त्या म्हणाल्या, "बाबांच्या समोर विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. मावशीकडे मात्र सगळे एकदम बोलायचे, आम्ही तिकडे गेलो की घाबरून जायचो." ताई त्या मावशीचीच मुलगी. तेव्हा ही शक्यता नुसती कल्पनेतली नव्हती.

आणि बाईंनी मधल्या काळात एक परीक्षा घेतलेली होती, तीही आता बाहेर आली. अँजिओप्लास्टीनंतर त्यांनी ठरवलं होतं की आपण स्वतःहून काहीच सांगायचं नाही, बघू तिला कधी आठवण होते ते. कित्येक आठवडे त्या गप्प राहिल्या. दुखावलेली पुष्कळ माणसं हेच करतात, आणि त्यातून कळत काहीच नाही. परीक्षा चालू आहे हे समोरच्याला माहीतच नसतं. त्यातून बाईंचं "मग?" आणि "हं" पूर्वीसारखंच चालू होतं, त्यामुळे ताईच्या बाजूने काहीही बदललेलं नव्हतं. निकाल लागला होता, पण तो बाईंच्या मनात आधीच लिहिलेला होता.

म्हणून उलट करून बघायचं ठरलं. न विचारता सांगायचं. तेही निसटतं, "यांना जरा थकवा आहे" असं नाही, कारण त्याला "हो का" एवढंच उत्तर येतं. वजन असलेली, पूर्ण गोष्ट सांगायची.

त्यात पहिली अडचण आली ती शिरायची. बाई ताईचं वाक्य संपण्याची वाट बघायच्या आणि ते संपायचंच नाही. 2009 साली दहा भाषांचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या भागाइतकंच असतं, असं त्यात दिसलं. म्हणजे एरवीही फट बारीकच असते. त्यात ताई वाक्य संपतानाच "आणि", "तर मग", "ते जाऊ दे" असा पूल टाकते आणि पुढे जाते. शांततेची वाट बघणाऱ्याला तिथे जागा मिळणार नाही. यावर चालणारा उपाय म्हणजे संबोधन. वाक्याच्या मध्ये "पण माझं ऐक" म्हटलं की ते तोडणं होतं, तर वाक्याच्या टोकाला "ताई," म्हणून एक क्षण थांबलं की बोलणारा थांबतो, कारण हाक मारली की माणूस ओ देतो. "ताई, एक सांगायचंय तुला. आधी माझं सांगते, मग पार्किंगचं पूर्ण ऐकते." एवढं बोलायला बाईंनी माझ्यासमोर बऱ्याचदा तोंडपाठ सराव केला. हसल्याही. पण अशा वाक्यांचा सराव करावाच लागतो, ऐनवेळी ती सुचत नाहीत.

त्यांनी ताईला सांगितलं की रात्री नवऱ्याचा श्वास ऐकत त्या जाग्या राहतात, की मुलाला यातलं काही कळू देत नाहीत, की बँकेत आकडे चुकायला लागलेत. ताई दोन-तीन वाक्यं गप्प राहिली. मग म्हणाली, "होतं गं असं." आणि मग, "मी तर तेव्हा देवासमोर बसायचे रात्रभर." पुन्हा वळण. परत येणं नाही.

म्हणजे घडणीचा फरक खरा होता, पण तेवढ्याने सगळं उलगडत नव्हतं. नुसत्या आमंत्रणाचा प्रश्न असता तर बाईंनी बोलायला सुरुवात केल्यावर ताईने जागा दिली असती. तिने थोडी दिली, टिकवली नाही.

आईकडून कळलेलं

याच सुमारास एक वेगळीच गोष्ट पुढे आली, आणि मला वाटतं आपल्या नात्यागोत्यांत ती फार ठिकाणी असते. बाई आईकडे बसल्या असताना सहज विषय निघाला. आई म्हणाली, "अगं, ताईचा दर दोन दिवसांनी फोन असतो मला, जावईबापूंचं सगळं विचारते. रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस आहेत तेसुद्धा विचारलं तिने." शिवाय रुग्णालयात पहिले तीन दिवस मुलासाठी जो डबा येत होता, तो आईने पाठवलेला नव्हता. ताईने तिच्या मुलाच्या हाती पाठवलेला होता.

बाई माझ्याकडे आल्या त्या रागावून. "म्हणजे मी तिच्याबद्दल इतके दिवस वाईट विचार करत होते?"

मी त्यांना थांबवलं. डबा आणि आईला केलेले फोन यांवरून एवढंच कळतं की ताईला काळजी आहे. एकत्र गुंतलेल्या घरांत बातमी आडवाटेने फिरते. मावशीकडून सगळं कळलेलं असतं, मग जिच्या घरात आजारपण आहे तिलाच कशाला खोदून विचारायचं, तिला परत तेच बोलायला लावून कशाला रडवायचं, असा विचार करणारी माणसं मी खूप बघितली आहेत. न विचारणं हे त्यांच्या लेखी जपणं असतं. तेव्हा "तिला माझं काही पडलेलं नाही" हा निष्कर्ष खोडावाच लागला.

पण दुसरा अर्धा भाग खोडायचा नव्हता. बाईंना डबा नको होता असं नाही, पण त्यांना हवं होतं ते वेगळंच. रात्री जागताना मनात काय येतं, हे कुणीतरी विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकावं. ते डब्यातून येत नाही आणि आईमार्फतही येत नाही. ताईचं प्रेम खरं निघालं म्हणून बाईंची उणीव खोटी ठरत नव्हती. या ठिकाणी पुष्कळ बायका अपराधी वाटून मागे फिरतात आणि पुन्हा चाळीस मिनिटांचा फोन मुकाट्याने सुरू होतो. काही महिन्यांनी राग दुप्पट होऊन येतो.

मागून बघणं

आता बोलायचं होतं. बाईंनी लिहून आणलेलं पहिलं वाक्य असं होतं : "ताई, तू मला कधीच काही विचारत नाहीस." हे मी बाजूला ठेवायला सांगितलं. "कधीच" हा शब्द ऐकला की समोरचा माणूस अपवाद शोधू लागतो, आणि ताईकडे अपवादांची कमतरता नव्हती. जेवण झालं का विचारलं, पाण्याचं विचारलं, डबा पाठवला, मावशीला फोन केले. पुढची अर्धी संध्याकाळ ताई किती करते यावर गेली असती आणि बाईंनाच माफी मागावी लागली असती. मागच्या वागण्याचा पंचनामा टाळायचा आणि पुढची एक नेमकी गोष्ट मागायची. छोटी, तारीख असलेली, आणि झाली की नाही हे दोघींना कळेल अशी.

नवऱ्याची तपासणी गुरुवारी होती. बाईंनी मंगळवारच्या फोनवर म्हटलं, "ताई, परवा यांना दाखवायला न्यायचंय. मला धाकधूक आहे. संध्याकाळी फोन करून विचारशील, डॉक्टर काय म्हणाले ते? आईला नको, मला विचार. आणि त्या दिवशी जरा माझंच ऐक. मला बरं वाटेल."

यातला "आईला नको, मला विचार" हा तुकडा बाईंनी स्वतः घातला. आडवाट बंद करणारं वाक्य होतं ते, मला सुचलं नव्हतं.

ताई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला तेच तेच बोलून त्रास होईल." आईच्या बोलण्यावरून जो अंदाज केला होता तो तिच्याच तोंडून खरा ठरला. गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "काय म्हणाले गं डॉक्टर?" बाईंनी सांगितलं. ताईने विचारलं, "आणि तू झोपतेस का आता?" वहीत आलेला हा पहिला मागोवा घेणारा प्रश्न, आधीच्या बोलण्यातला धागा धरून विचारलेला. पाच-सात मिनिटं बाई बोलल्या. मग सून आली.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2017 साली अनोळखी माणसांच्या गप्पांवर केलेलं काम इथे आठवतं. जास्त प्रश्न विचारणारी, विशेषतः मागोवा घेणारे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला अधिक आवडली. पण प्रश्न विचारण्याचा असा परिणाम होईल हे माणसांना आधी वाटलेलं नसतं, असंही त्यात दिसलं. ताईच्या मनात प्रश्न न विचारण्याचा बेत नव्हता, त्याचप्रमाणे विचारण्याने काय घडतं याचा अनुभवही नव्हता. तिला तो कुणी सांगितलाच नव्हता.

पुढच्या फोनांत काय झालं? सांगितलं तेव्हा ताईने विचारलं. सांगितलं नाही तेव्हा विसरली. हा निकाल बाईंना निराश करणारा होता. "दर वेळी मागून घ्यायचं तर त्यात काय अर्थ?" त्यांचं म्हणणं मला समजतं. न मागता मिळालेल्याची चव वेगळीच असते. पण मागितल्यावर देणारा माणूस आणि मागितल्यावर चिडणारा, थट्टा करणारा, किंवा सांगितलेलं चारचौघांत पोचवणारा माणूस, यांत फार मोठं अंतर आहे. मागितल्यावर ताई दुखावून "मी एवढं करते आणि तू…" म्हणाली असती, किंवा बाईंच्या रात्री जागण्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी सुनेच्या तोंडून ऐकू आली असती, तर माझा सल्ला वेगळा असता : फोन आठवड्यातून एक, दहा मिनिटांचा, आणि मनातलं काही सांगायचं नाही. साहेबाशी किंवा सासूशी असं असतं तर इतकं मोकळेपणाने मागणंही परवडलं नसतं. तिथे फक्त आपल्या प्रश्नांचा पुरवठा कमी करता येतो. ताई मोठी असली तरी बहीण होती, "तू" म्हणण्याचं नातं होतं, म्हणून हे जमलं.

ठरलं ते

फोन बंद करायचा नाही, हे बाईंनीच ठरवलं. बदल तीन झाले. फोनची वेळ सुरुवातीलाच सांगायची : "ताई, पंधरा मिनिटं आहेत, मग मुलाचं जेवण." पहिल्या काही वेळा ताईला ते लागलं, नंतर तीच विचारू लागली, "आज किती वेळ आहे तुला?" दुसरं, बाईंनी आपल्या "मग काय म्हणाली?" या प्रश्नांना कात्री लावली. ताईच्या सुनेची गोष्ट प्रश्नांशिवाय पाच मिनिटांत संपते, हे त्यांना नव्यानेच कळलं. महत्त्वाचं काही असेल तर "आज माझं आधी" म्हणून सुरुवात करायची, आणि नसेल तर ताईचं ऐकायचं, मनात हिशोब न ठेवता.

रात्रीच्या जागरणाचं मात्र त्यांनी ताईपासून वेगळं काढलं. बँकेत शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या एका सहकारी बाईंच्या नवऱ्यालाही दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला होता. त्या दुपारच्या डब्याच्या वेळी रोज विचारतात, आणि उत्तराच्या मधल्या शब्दावरून पुन्हा विचारतात. पंधरा मिनिटांत पुरेसं होतं, असं बाई म्हणाल्या. डॉक्टरांशीही त्या झोपेबद्दल बोलल्या, ते आवश्यकच होतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन हिवाळ्यात ठरलं आहे आणि तेव्हा आठवडाभर रुग्णालयात रात्री कोण थांबणार, याची यादी घरात तयार होते आहे. यादीत बाईंचं नाव न विचारताच घातलेलं आहे. त्यांना दोन रात्री थांबायचं आहे, पाच नाही. हे ताईला कुणाकरवी न कळवता त्या स्वतः येत्या नाटकाच्या दिवशी, गाडीत बसल्या बसल्या सांगणार आहेत. वाक्य लिहून झालं आहे, सराव चालू आहे.